गाल, काल, खाल, घाल : प्राणभेद ऐकण्याचा सराव

मराठीत क आणि ग ही व्यंजने अल्पप्राण, तर ख आणि घ ही महाप्राण मानली जातात, कारण दुसऱ्या जोडीच्या उच्चारात श्वासाचा जोर अधिक असतो. ज्यांच्या भाषेत या भेदाने अर्थ बदलत नाही, अशा इंग्रजीभाषकांना तो ऐकायला शिकवताना गाल, काल, खाल, घाल हे चार शब्द विशेष उपयोगी पडतात, कारण त्यांत पहिल्या व्यंजनाखेरीज बाकी सारे सारखेच असते.

सरावात सर्वांत जास्त चूक ख ऐकताना होत नाही, तर क ऐकताना होते. 'काल' ऐकून शिकणारा 'गाल' लिहितो. यामागचे कारण, जिभेचा स्पर्श सुटणे आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होणे यांतील काळात सापडते. लिस्कर आणि अब्रमसन यांनी 1964 साली मराठीसह अकरा भाषांत हा काळ मोजला. मराठी ग मध्ये कंपन स्पर्श सुटण्याआधीच सुरू होते, क मध्ये त्यानंतर सुमारे 20 ते 30 मिलिसेकंदांनी आणि ख मध्ये त्याहून बऱ्याच उशिरा. इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा ग मात्र पुष्कळदा मराठी क सारखाच उच्चारला जातो आणि तेथील क हा मराठी ख च्या जवळ जातो; म्हणून त्या कानाला खाल नीट कळते आणि काल गालात मिसळते.

शिकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत अल्पप्राण क असतोच, तो 'स्किन' सारख्या शब्दात स नंतर येतो. त्या शब्दाच्या ध्वनिमुद्रणातून स कापून टाकला, तर उरलेला भाग इंग्रजीभाषकाला ग ने सुरू झाल्यासारखा वाटतो, आणि आपण ऐकतो तो भेद नेमका कोठे बसवतो हे त्याला तेथे उमगते. त्यानंतर फक्त काल-गाल ही जोडी निरनिराळ्या आवाजांत ऐकवून प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगितले जाते.

घ साठी मात्र वेगळी वाट धरावी लागते. ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी खाल म्हणताना हलते, पण घाल म्हणताना तिचा भरवसा धरता येत नाही, कारण घ मध्ये स्वरतंतू कंप पावत असतानाच पूर्ण न मिटल्याने त्यांमधून श्वास झिरपतो आणि ती सश्वास छटा पुढच्या आ च्या सुरुवातीपर्यंत टिकते. म्हणून येथे व्यंजनाकडे नव्हे, तर स्वराच्या आरंभाकडे लक्ष द्यायला सांगावे लागते. तसे न केल्यास शिकणारा ग आणि ह वेगवेगळे करून 'गहाल' म्हणू लागतो.

प्रगती पाहण्यासाठी पूर्वी न ऐकलेला आवाज आणि गर-घर, कार-खार असे नवे शब्द वापरावेत, आणि चुकांची केवळ संख्या न मोजता कोणता वर्ण कोणत्या वर्णाच्या जागी लिहिला गेला याची नोंद ठेवावी. काल चे गाल होत असेल तर कंपनाच्या आरंभाचा सराव हवा, आणि घाल चे गाल होत असेल तर स्वरातील श्वासाचा.