लॅपटॉप बंद पडला, क्लायंटला काय लिहायचं?

घरून भाषांतराची कामं करणारीचा लॅपटॉप गुरुवारी रात्री बंद पडला आणि शुक्रवारी द्यायची 40 पानांची पुस्तिका राहिली. अशा वेळी बहुतेकांचा मेसेज बिघाडाच्या कहाणीतच संपतो. क्लायंटला मात्र छपाई थांबवायची का, एवढंच ठरवायचं असतं. शनिवारी सकाळचा हा मेसेज पाहा:

‘मॅडम, पुस्तिका काल देऊ शकले नाही, माफ करा. लॅपटॉप बंद पडल्याने दुरुस्तीला दिला आहे. पहिली 25 पानं ईमेलवर होती, ती सोबत पाठवते. उरलेली 15 भावाच्या लॅपटॉपवर पुन्हा करते आहे. सोमवारी दुपारी 2 पर्यंत देते. छपाई अडत असेल तर आजच सांगा.’

नवी तारीख दुरुस्तीवर टांगलेली नाही, हे यातलं शहाणपण. दुकानदार ‘उद्या देतो’ म्हणतो (म्हणतोच!), पण सुटा भाग मागवावा लागला की दिवस जातात. स्क्रीन किंवा चार्जिंग बिघडलं असेल तर फायली सहसा शाबूत असतात. डिस्कच गेली असेल तर त्या मिळतीलच असं नाही. म्हणून ‘डेटा परत येईल’ असा शब्द देऊ नये. मेसेज चांगला आहे, पण एक दिवस उशिरा गेला. तो शुक्रवारी सकाळीच जायला हवा होता.