पन्नास हजार डॉलरच्या पॉलिसीतून हातात किती येतात?

मुलगी न्यू जर्सीला बाळंत होणार असते. आईवडिलांचा व्हिसा महिन्यांपूर्वीच झालेला असतो, तिकिटे काढलेली असतात, डिंकाचे लाडू आणि मेतकूट बॅगेत भरून झालेले असते. निघायला चार दिवस उरले की कोणाला तरी विम्याची आठवण होते. जावई तुलना करून दाखवणारी वेबसाइट उघडतो, दोघांची वये आणि मुक्कामाचे दिवस भरतो. पंधरा-वीस कोटेशन समोर येतात. ‘कमी किमतीपासून’ असे बटण दाबले की सगळ्यात वर येते ती पॉलिसी घेतली जाते. तिच्यावर ‘50,000 डॉलर’ असे लिहिलेले असते आणि खालच्या महागड्या पॉलिसीवरही तेच लिहिलेले असते. मग जास्त पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

त्याचे उत्तर कोटेशनच्या पानावर सहसा सापडत नाही. ते असते ‘पॉलिसी वर्डिंग’ नावाच्या लांबलचक पीडीएफमध्ये. तिथे पहिल्यांदा शोधायचा शब्द ‘सबलिमिट’, म्हणजे एकूण विमा रकमेच्या आत प्रत्येक खर्चावर घातलेली वेगळी मर्यादा. साठी ओलांडलेल्या प्रवाशांच्या स्वस्त पॉलिसींमध्ये ही मर्यादा वारंवार आढळते. खोलीचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके, भूलतज्ज्ञाचे शस्त्रक्रियेच्या रकमेच्या 25 टक्के, तपासण्यांचे इतके, असे तक्तेच त्यात दिलेले असतात.

हे कागदावर निरुपद्रवी दिसते, म्हणून एक हिशेब मांडून पाहावा. यातले आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण मर्यादांची रचना प्रत्यक्ष पॉलिसींमध्ये असते तशीच आहे. समजा, 66 वर्षांच्या वडिलांच्या पोटात रात्री अचानक दुखू लागले, पित्ताशयाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. बिल आले 38,000 डॉलरचे. त्यात खोलीचे 12,000, शस्त्रक्रियेचे 16,000, भूल देण्याचे 4,000, तपासण्या आणि स्कॅनचे 5,000, रुग्णवाहिकेचे 1,000.

स्वस्त पॉलिसीत खोलीला दिवसाला 1,500 ची मर्यादा आहे, म्हणजे तीन दिवसांचे 4,500. शस्त्रक्रियेला 10,000, भूल देण्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याचे 2,500, तपासण्यांना 1,000, रुग्णवाहिकेला 400. बेरीज 18,400. त्यातून 100 डॉलर डिडक्टिबल, म्हणजे प्रवाशाने स्वतः भरायचा पहिला वाटा, वजा केला की कंपनी देते 18,300. उरलेले 19,700 डॉलर कुटुंबाने भरायचे. डॉलर 90 रुपये धरला तर हे पावणेअठरा लाख रुपये होतात. सबलिमिट नसलेल्या पॉलिसीत त्याच बिलातले फक्त 100 डॉलर खिशातून जातात. दोन्ही पॉलिसींवर रक्कम 50,000 डॉलरच लिहिलेली होती, आणि प्रीमियममधला फरक फार तर काही हजार रुपयांचा. अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी तुलनेची सुरुवात इथूनच करायला हवी. प्रीमियमचा आकडा त्यानंतर पाहावा.

युरोपचे गणित थोडे निराळे आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असते आणि त्यात तातडीचे उपचार तसेच मायदेशी परत आणण्याचा खर्च यावा लागतो. त्यामुळे ‘व्हिसाला चालते’ एवढ्या निकषावर पॉलिसी निवडली जाते. पण व्हिसासाठी ठरवलेली ही अट सहल रद्द झाली तर काय, याविषयी काही सांगत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तर विम्याची सक्तीच नाही. तिथे काय घ्यायचे ते सर्वस्वी कुटुंबाने ठरवायचे असते.

दुसरी कळीची जागा म्हणजे आधीपासूनचा आजार. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईला मधुमेह आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हेच चित्र असते. काही पॉलिसी अशा आजारातून उद्भवलेल्या कोणत्याही उपचाराला पैसे देत नाहीत. काही देतात, पण फक्त जिवावर बेतले असेल तेव्हा आणि रुग्ण स्थिर होईपर्यंतच. शिवाय त्यासाठी विमा रकमेचा एखादा छोटा भागच राखून ठेवलेला असतो. कोटेशनवर ‘आधीचे आजार समाविष्ट’ असे दिसले, तरी किती रकमेपर्यंत आणि कोणत्या परिस्थितीत हे विचारलेच पाहिजे. गोळीचा उल्लेख फॉर्ममध्ये टाळून काही साधत नाही. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर पहिला प्रश्न औषधांचाच विचारतात, उत्तर केसपेपरवर लिहिले जाते, आणि क्लेम आला की कंपनी तोच केसपेपर मागते.

सहल रद्द होण्याच्या कलमात घोटाळा निराळा असतो. वाचणाऱ्याला वाटते, जाता आले नाही की पैसे परत. प्रत्यक्षात पॉलिसीत कारणांची यादी दिलेली असते आणि त्या यादीबाहेरचे कारण सहसा मान्य होत नाही. प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजारपण अशी कारणे त्यात सामान्यतः असतात. बेत बदलला हे कारण धरले जात नाही आणि व्हिसा नाकारला गेला हेही बहुतेक पॉलिसींत येत नाही. ‘जवळचा नातेवाईक’ म्हणजे कोण, याचीही व्याख्या असते. सासूबाई त्यात आहेत का, सख्खी बहीण आहे का, हे आपल्याकडच्या घरांत अगदी खरे प्रश्न आहेत.

एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद पाडले. हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमा कंपन्यांपुढे क्लेमचे ढीग आले. तेव्हा वाद पेटला तो एका शब्दावर. पॉलिसीत ‘खराब हवामान’ लिहिले होते. राख हे हवामान आहे का? काही कंपन्यांनी हो म्हटले, काहींनी नाही. शिवाय राख पसरल्याची बातमी आल्यानंतर पॉलिसी घेतली असेल, तर ती घटना ‘आधीच माहीत असलेली’ ठरते. म्हणूनच विमा निघायच्या चार दिवस आधी घेण्यात तोटा आहे. रद्द होण्याचे संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून लागू होते. तिकिटे काढली तेव्हाच ती घेतली असती, तर मधल्या महिन्यांतले आजारपणही त्यात आले असते.

या कलमाची रक्कमही नीट पाहावी. दोघांच्या युरोप सहलीला सहा लाख भरलेले आणि रद्द झाल्याची मर्यादा 500 डॉलर, म्हणजे जेमतेम 45,000 रुपये, असे असू शकते. त्यातही विमान कंपनी आणि सहल कंपनी जे परत देतील ते वजा करूनच उरलेले मिळते.

तीन-चार कोटेशन निवडली की प्रत्येक कंपनीला ई-मेलवर हेच प्रश्न विचारता येतात. या वयाला सबलिमिट लागू आहेत का, असल्यास तक्ता पाठवा. रक्तदाब आणि मधुमेहातून काही झाले तर किती मिळेल? रद्द होण्याची कारणे आणि कमाल रक्कम कोणती? फोनवरचे ‘सगळं कव्हर आहे’ हे उत्तर नंतर दाखवता येत नाही, लिहून आलेले दाखवता येते. त्या ई-मेलची प्रत, पॉलिसी आणि परदेशातून फोन करायचा मदत क्रमांक पासपोर्टच्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याचा फोटो न्यू जर्सीतल्या मुलीलाही पाठवावा. रुग्णालयात दाखल होताच कंपनीला कळवायचे असते, आणि त्या रात्री तो फोन बहुधा तिलाच करावा लागतो.