ग्लुकोजचा फिरता कोन

1846 साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ द्युब्रुनफो यांना ग्लुकोजच्या ताज्या द्रावणात एक विचित्र गोष्ट दिसली. द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला की तो ठरावीक कोनात वळतो; पण हा कोन वेळेबरोबर बदलत होता.

याचं कारण रेणूच्या रचनेत आहे. ग्लुकोजची सहा कार्बनची साखळी पाण्यात क्वचितच उघडी राहते. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट पहिल्या कार्बनच्या अल्डिहाइडला जोडला जातो आणि पाच कार्बन व एका ऑक्सिजनचं कडं तयार होतं. हेच पायरॅनोज रूप. कडं मिटताना पहिल्या कार्बनवर नवा हायड्रॉक्सिल येतो. नेहमीच्या आकृतीत तो खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. फक्त एवढाच फरक असलेल्या या जोडीला ॲनोमर म्हणतात.

शुद्ध अल्फाचं विशिष्ट वलन +112.2 अंश, बीटाचं +18.7. सुरुवात कुठूनही करा, काही तासांनी आकडा +52.7 वर स्थिरावतो, कारण कडी उघडतात आणि पुन्हा कोणत्याही बाजूने मिटतात. यालाच म्युटारोटेशन म्हणतात.

आता हिशेब करू. 52.7 मधून 18.7 वजा केले की 34 उरतात. दोन्ही रूपांतला फरक 93.5. भागाकार केला की अल्फा सुमारे 36 टक्के, म्हणजे बीटा 64 टक्के.

म्हणून प्रयोगशाळेत ताज्या द्रावणाचा आकडा लगेच नोंदवू नका. अमोनियाचा थेंब टाकून तो स्थिर होऊ द्या, मगच लिहा.