पहिले क्लिक सिनेमासाठी नसते

नवा सिनेमा चित्रपटगृहात लागून दोन दिवस होत नाहीत, तोच त्याची चोरटी प्रत इंटरनेटवर येते. नावाने शोधले की पान उघडते, पोस्टर दिसते आणि पोस्टरच्या मधोमध पांढऱ्या त्रिकोणाचे ओळखीचे बटण दिसते. बघणारा ते दाबतो. सिनेमा सुरू होत नाही. शेजारी नवा टॅब उघडून त्यात रमीचे किंवा सट्ट्याचे पान येते. तो ते बंद करतो, परत येतो, पुन्हा दाबतो. आता दुसरेच काही उघडते. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे चित्र हलू लागते. साइट धड बनवलेली नाही, असा बहुतेकांचा समज होतो. खरे तर मालकाला हवी तशीच ती चाललेली असते, कारण त्याची कमाई त्या पहिल्या तीन क्लिकांमध्येच झालेली असते.

अशा साइटवर साबणाची, गाड्यांची किंवा विम्याची जाहिरात सहसा दिसत नाही. नावाजलेल्या कंपन्यांना चोरीच्या मालाशेजारी आपले नाव नको असते आणि गूगलसारख्या मोठ्या जाहिरात यंत्रणा चोरीचा मजकूर दाखवणाऱ्या साइटना आपल्या नियमांनुसार घेत नाहीत. प्रेक्षकाकडून तिकीट घ्यायचे नाही, मोठा जाहिरातदार मिळत नाही, तरी पैसा मात्र हवा. मग उरतात फक्त पॉप-अप विकणारी जाहिरात जाळी. ती साइटवाल्याला दर हजार उघडलेल्या खिडक्यांमागे ठरावीक दर देतात. हा दर फार नसतो, म्हणून शक्य तितक्या खिडक्या उघडाव्या लागतात. त्यातून जमणारी रक्कम मात्र किरकोळ नाही. अमेरिकेतील ‘डिजिटल सिटिझन्स अलायन्स’ आणि ‘व्हाइट बुलेट’ या संस्थांनी २०२१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार चोरट्या साइट आणि अ‍ॅप जाहिरातींवर वर्षाला सुमारे १३४ कोटी डॉलर कमावत होती.

आता बटणाकडे येऊ. पूर्वी एखादे पान उघडताच न विचारता चार खिडक्या समोर येत. लोक वैतागले आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक नियम घातला: माणसाने स्वतः क्लिक केले असेल, तरच पानाला नवी खिडकी उघडता येईल. पॉप-अपच्या धंद्याला त्यामुळे माणसाचे खरेखुरे क्लिक मिळवणे भाग पडले. आणि सिनेमा बघायला आलेला माणूस पहिल्यांदा काय दाबणार? प्ले. म्हणून त्या बटणावर, कित्येकदा पूर्ण पानावर, डोळ्यांना न दिसणारा एक पारदर्शक थर पसरलेला असतो. बोट बटणावर पडले असे वाटते, पण क्लिक जाते त्या थराला. ब्राउझरच्या लेखी माणसाने क्लिक केलेले असते, त्यामुळे नवी खिडकी अडत नाही. बरेचदा ती समोर न येता मागे उघडते. मग सिनेमा संपवून ब्राउझर बंद करताना ती दिसते आणि कोणत्या साइटने उघडली हे तोवर कळेनासे होते.

एकदा थर दाबून झाल्यावर सिनेमा का सुरू होत नाही, याचेही कारण आहे. बहुतेक चोरट्या साइटकडे सिनेमाची फाइल नसतेच. ती दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असते आणि साइटच्या पानात एक चौकट कापून तिथे ती दाखवली जाते. पानाचा मालक आपला थर लावतो, चौकटीचा मालक आपला लावतो, आणि दोघेही एकाहून अधिक जाहिरात जाळ्यांना जागा विकतात. जितके धनी, तितकी क्लिके. जाहिरात बंद करण्यासाठी कोपऱ्यात काढलेली फुलीसुद्धा अनेकदा जाहिरातीच्या चित्राचाच भाग असते. ती दाबली की आणखी एक क्लिक मोजले जाते.

इथवरचा प्रकार त्रासाचा आहे. धोका त्यापुढे, ते क्लिक कुठे जाते यात आहे. साइटवाला ते एका जाळ्याला विकतो, ते जाळे दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला. एका घराचा व्यवहार पाच दलालांच्या हातून जावा तसा हा प्रवास असतो, फक्त तो एक-दोन सेकंदांत उरकतो. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर समोरचे यंत्र तपासले जाते: संगणक विंडोजचा की फोन अँड्रॉइडचा, देश कोणता, ब्राउझरची भाषा कोणती, समोर सुरक्षा कंपनीचा तपासनीस तर नाही ना. त्यावरून शेवटचे पान ठरते. त्यामुळे एकाच घरात, एकाच बटणावर भावाला सट्ट्याची जाहिरात मिळते आणि बहिणीला व्हायरसची फाइल. ‘मी तर रोज बघतो, मला कधी काही झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच काही सिद्ध करत नाही. शेवटी काय दाखवले जाणार आहे, हे अनेकदा साइटच्या मालकालाही ठाऊक नसते.

या साखळीच्या टोकाला काय असू शकते, याचे नीट नोंदले गेलेले उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या तपासातून ६ मार्च २०२५ रोजी जाहीर झाले. कंपनीच्या सुरक्षा पथकाला डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला अनेक संगणक एकाच पद्धतीने बाधित झालेले दिसले. उलटा माग काढल्यावर सुरुवात सापडली ती चोरटे सिनेमे दाखवणाऱ्या साइटवर. सिनेमाच्या चौकटीतच जाहिरातीकडे वळवणारा कोड बसवलेला होता. तिथून बघणारा चार-पाच ठिकाणी फिरवला जाई आणि अखेरीस बहुतेक वेळा गिटहबवर ठेवलेल्या फाइलपाशी पोहोचे. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात ती जागा. तिचे नाव विश्वासाचे असल्याने कार्यालयांची संरक्षक यंत्रणाही ते सहसा अडवत नाही, आणि तोच विश्वास इथे वापरला गेला. जगभरातील सुमारे १० लाख संगणक या मोहिमेच्या तडाख्यात आले. त्यात घरचे होते तसेच कंपन्यांचेही होते.

पुढचे काम टप्प्याटप्प्याने चाले. पहिल्या फाइलवर डिजिटल सही असे, म्हणजे ती कुण्या अधिकृत उत्पादकाची वाटावी. अशी १२ प्रमाणपत्रे नंतर रद्द करावी लागली. या फाइलचे काम एवढेच, की संगणकात पाय रोवायचा. दुसऱ्या टप्प्यातली फाइल घराची पाहणी करी: मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणते, पडदा किती मोठा, विंडोजची आवृत्ती कुठली. ही माहिती हल्लेखोराच्या सर्व्हरवर जाई. ती पाहून तिसरा टप्पा ठरे. काही ठिकाणी विंडोजच्याच अँटिव्हायरसला ‘या फोल्डरमध्ये बघू नकोस’ अशी सूचना लिहून ठेवली जाई. काही ठिकाणी ‘नेटसपोर्ट’ हे एरवी कार्यालयांत दुरून संगणक दुरुस्त करण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर गुपचूप बसवून संगणकाचा ताबा घेतला जाई. आणि शेवटी येई ‘लुम्मा’सारखा माहितीचोर.

लुम्माचे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘माझ्या खात्याला ओटीपी आहे’ हा दिलासा तिथे अपुरा पडतो. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड तो उचलतोच, पण त्याहून मोलाची वस्तू म्हणजे कुकी. मेलमध्ये एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन शिरल्यावर दरवेळी पुन्हा विचारणा होत नाही, कारण ‘या माणसाची ओळख पटलेली आहे’ अशी खूण कुकीच्या रूपात संगणकावर ठेवलेली असते. ती खूण चोराने आपल्या संगणकात घातली, की बऱ्याच साइट त्याला खातेदार समजून आत घेतात. पासवर्ड लागत नाही, ओटीपीही येत नाही. मेल हातात आला की इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच मेलवर मागवता येतात. मायक्रोसॉफ्टला १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुम्माने बाधित झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक आढळले. मे महिन्यात न्यायालयीन आदेश आणि युरोपोलसारख्या यंत्रणांची मदत घेऊन त्याची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडण्यात आली. असे माहितीचोर भाड्याने मिळतात, त्यामुळे एक जाळे तुटल्यावर दुसरे उभे राहायला वेळ लागत नाही.

आजचे ब्राउझर बऱ्यापैकी मजबूत आहेत. ते अद्ययावत असतील, तर नुसते पान उघडल्याने संगणक बाधित होणे दुर्मीळ आहे. म्हणून साखळीच्या टोकाचे पान माणसाकडूनच काहीतरी करवून घेते. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे ‘तुमचा प्लेअर जुना आहे, अपडेट करा’. अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस कायमचा बंद केला. आता ब्राउझर व्हिडिओ स्वतःच चालवतो, त्याला वेगळा प्लेअर लागतच नाही. म्हणजे अशी सूचना देणारे पान खोटे आहे हे तिथेच ठरते. दुसरी युक्ती ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा’. ते दाबणाऱ्याने त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. मग साइट बंद असतानाही ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या पडद्यावर येत राहतात आणि त्यातली एखादी दाबली जाते.

तिसरी युक्ती अलीकडची आणि सर्वांत घातक. पान सांगते, पडताळणीसाठी कीबोर्डवर Windows + R दाबा, मग Ctrl + V, मग Enter. पानाने तोवर क्लिपबोर्डवर एक आदेश गुपचूप ठेवलेला असतो. पहिल्या जोडीने विंडोजची आदेश देण्याची चौकट उघडते, दुसरीने तो आदेश तिथे चिकटतो आणि तिसऱ्या कळीने चालतो. वापरणाऱ्याने आपल्या हाताने व्हायरस मागवून घेतलेला असतो. कोणतीही खरी पडताळणी कीबोर्डवरच्या या कळा दाबायला लावत नाही.

फोनवर याच जागी एपीके फाइल येते: ‘सिनेमा एचडीमध्ये बघण्यासाठी आमचे अ‍ॅप घ्या’. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागू लागले, तर त्याचा रोख सिनेमाकडे नसून बँकेच्या ओटीपीकडे आहे हे ओळखावे.

चुकून फाइल उघडली गेलीच, तर बहुतेक जण घाबरून त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलतात, आणि नवे पासवर्डही चोराकडे जातात. आधी तो संगणक इंटरनेटपासून तोडावा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून मेलचा पासवर्ड बदलून ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. त्यानेच चोरलेल्या कुकी निकामी होतात. त्यानंतर बँक आणि बाकीची खाती. बाधित संगणकावर नुसते अँटिव्हायरस फिरवून भागत नाही, विंडोज नव्याने टाकून घ्यावे. नको त्या सूचना येत असतील, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये Notifications या यादीत जाऊन अनोळखी साइटची परवानगी काढावी. खात्यातून पैसे गेले असतील, तर सकाळची वाट न पाहता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. तक्रार लवकर गेली, तरच पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येतात. चोरटा सिनेमा बघत होतो हे सांगावे लागेल या संकोचाने अनेक जण हा फोन उशिरा करतात. तो उशीर कृपा करून करू नका.