फुगा-कर्जाचा शेवटचा हप्ता

अमेरिकेत व्यापारी इमारतींवरील कर्जाचा हप्ता अनेकदा 30 वर्षांच्या हिशेबाने ठरतो, पण मुदत 7 वर्षांचीच असते. समजा, कर्ज 1 लाख डॉलर आणि व्याज दरमहा 0.5 टक्के आहे. 360 महिन्यांच्या हिशेबाने हप्ता 599.55 डॉलर येतो. पहिल्या हप्त्यातले 500 डॉलर व्याजातच जातात. मुद्दल फिटते अवघे 99.55. पुढे मुद्दलाचा हा वाटा दरमहा 1.005 पट होत जातो. अशा 84 पदांच्या भूमिती श्रेढीची बेरीज 10,361 भरते. उरलेले 89,639 डॉलर अखेरीस एकरकमी फेडायचे. हाच तो फुगा! त्यासाठी बहुधा नवे कर्ज काढतात. तोवर वार्षिक दर 6 वरून 9 टक्क्यांवर गेला असेल, तर कर्ज घटूनही 30 वर्षांच्या हिशेबाचा नवा हप्ता 721 डॉलर बसतो.