64 किलोबाइटची वेस

पुण्यातल्या एखाद्या लिनक्स संगणकावरून अमेरिकेतल्या सर्व्हरशी जोडणी होत असताना पहिली तीन पॅकेटं `tcpdump` या साधनाने पकडली, तर पडद्यावर अशा ओळी उमटतात. वेळ, पत्ते आणि इथे नको असलेला तपशील गाळला आहे.

```
Flags [S],  win 64240, options [mss 1460,wscale 7]
Flags [S.], win 65160, options [mss 1460,wscale 7]
Flags [.],  win 502
```

पहिली आणि तिसरी ओळ आपल्या संगणकाची, मधली सर्व्हरची. पहिल्या ओळीत आपला संगणक सांगतो, ‘माझ्याकडे 64,240 बाइट ठेवायला जागा आहे.’ तिसऱ्या ओळीत तोच म्हणतो 502. मधल्या वेळात समोरून एक बाइटही माल आलेला नाही, म्हणजे जागा भरण्याचा प्रश्नच नाही. मग उरलेली जागा गेली कुठे?

ती तिथेच आहे. 502 ला 128 ने गुणलं की 64,256 येतात. मात्र हा 128 तिसऱ्या पॅकेटात कुठेही लिहिलेला नाही. तो पहिल्या ओळीतल्या `wscale 7` मधून काढायचा: दोनाचा सातवा घात. आकडा एका पॅकेटात आणि त्याचा अर्थ दुसऱ्याच पॅकेटात, ही विचित्र व्यवस्था का करावी लागली, याचं उत्तर टीसीपीच्या जुन्या नकाशात आहे.

इंटरनेटवरून जाणारी पॅकेटं हरवतात, मागेपुढे पोहोचतात. त्यांतून सलग, बिनचूक प्रवाह तयार करायचं काम टीसीपी करतं. सप्टेंबर 1981 मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आलेल्या आरएफसी 793 या दस्तऐवजात त्याच्या प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर किमान 20 बाइटचं हेडर असावं, असं ठरलं. त्यात कुठला कप्पा किती बिटांचा आणि कुठे, हे कायमचं पक्कं झालं.

त्यातले सहा बिट म्हणजे फ्लॅग. एकेक बिट म्हणजे एकेक होय-नाही. सिन म्हणजे जोडणी सुरू करतोय, ॲक म्हणजे या पॅकेटातला पोच-क्रमांक ग्राह्य धरा, फिन म्हणजे माझं पाठवून झालं, आरएसटी म्हणजे जोडणी ताबडतोब मोडा. पुश आणि अर्जंट हे उरलेले दोन आजच्या कथेत येत नाहीत. वरच्या ओळींतला `S` म्हणजे सिन आणि नुसता टिंब म्हणजे ॲक. सिन, मग सिन आणि ॲक एकत्र, मग ॲक अशा तीन पॅकेटांत जोडणी जुळते. सिनचा बिट लक्षात असू द्या, पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

फ्लॅगच्या शेजारचा कप्पा विंडोचा, 16 बिटांचा. घेणारा त्यात लिहितो की मी पोच दिलेल्या बाइटच्या पुढे आणखी इतके बाइट पाठवलेस तरी मला चालेल. पाठवणाऱ्याने तेवढे पाठवायचे आणि थांबायचं. नवी पोच, नवा आकडा आला की पुढे सरकायचं. सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा 65,535, म्हणजे एका बाइटने कमी 64 किलोबाइट.

1981 मध्ये हा आकडा कंजूषपणाचा नव्हता. अर्पानेटच्या तारा सेकंदाला 56 किलोबिटच्या. उपग्रहामार्गे जाऊन यायला अर्धा सेकंद लागतो असं धरलं, तरी तेवढ्या वेळात अशा तारेवर 3,500 बाइट मावतात. विंडो त्याच्या अठरापट मोठी होती. शिवाय तेव्हाच्या पीडीपी-11 सारख्या यंत्रांचे पत्तेच 16 बिटांचे. अख्ख्या प्रोग्रॅमला एका वेळी 64 किलोबाइट स्मृती दिसायची, तिथे एका जोडणीसाठी त्याहून जास्त जागा कोण राखून ठेवणार? त्या लोकांना दूरदृष्टी नव्हती असं अधूनमधून म्हटलं जातं, ते मला पटत नाही. हेडर प्रत्येक पॅकेटाबरोबर जातं, आणि त्या मंद तारांवर प्रत्येक बाइटला मोल होतं.

गणित बिघडलं ते पुढे, तारा वेगवान झाल्यावर. वेग वाढला तरी अंतर तेवढंच राहतं, आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपासच धावतो. आपल्या उदाहरणात पॅकेट पुण्याहून निघून त्याची पोच अमेरिकेतून परत यायला 0.2 सेकंद लागतात असं धरू. पाठवणारा 65,535 बाइट पाठवतो आणि गप्प बसतो, कारण परवानगी संपली. पुढची परवानगी 0.2 सेकंदांनी येते. म्हणजे सेकंदाला अशा पाच खेपा, जेमतेम 3,27,675 बाइट. मेगाबिटमध्ये सांगायचं तर 2.6. तुमच्याकडे 100 मेगाबिटची जोडणी असो की 1,000 ची, ही मर्यादा तसूभर हलत नाही. एक गिगाबाइटची फाइल 80 सेकंदांत यायला हवी, तिला 50 मिनिटं लागतात. आणि या काळात तार बहुतांश रिकामी असते.

तार सतत भरलेली ठेवायची, तर वाटेत किती माल असायला हवा? वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. 100 मेगाबिट आणि 0.2 सेकंद म्हणजे 25 लाख बाइट. याला जुनी विंडो जवळपास अडतीसपट अपुरी. अमेरिकेत तर ही टंचाई फार आधी, 1990 च्या सुमारालाच समोर उभी होती. 45 मेगाबिटची तार या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत नेली, तर जाऊन यायला लागणाऱ्या 60 मिलिसेकंदांत तीन लाखांहून जास्त बाइट वाटेत असायला हवेत.

कप्पा रुंद करणं हा सरळ उपाय, पण तो बंद होता. विंडोच्या पुढे लगेच चेकसम बसलेला, मागे फ्लॅग. एक बिट सरकवला की जगातल्या प्रत्येक जुन्या संगणकाला पुढचं हेडर चुकीचं दिसणार. फ्लॅगचं नशीब त्या मानाने बरं. त्यांच्या आधी सहा बिट राखीव ठेवलेले होते, त्यांतले दोन 2001 मध्ये गर्दीची सूचना देणाऱ्या नव्या फ्लॅगना मिळाले. विंडोला असं अंगण नव्हतं.

व्हॅन जेकबसन आणि बॉब ब्रेडन यांनी 1988 मध्ये वेगळी वाट सुचवली, आणि डेव्हिड बोरमन यांच्यासह 1992 च्या आरएफसी 1323 मध्ये ती पक्की केली. कप्पा तसाच ठेवायचा, फक्त त्यातल्या आकड्याचं एकक मोठं करायचं. हेडरच्या शेवटी ऐच्छिक मजकुरासाठी जागा असते. तिथे तीन बाइट लिहायचे: पर्यायाचा प्रकार 3, लांबी 3 आणि घात. आपल्या उदाहरणात घात 5 घेतला तर जास्तीत जास्त विंडो सुमारे 21 लाख बाइटची होते, ती पुरत नाही. 6 घेतला तर 42 लाख, काम झालं.

हा पर्याय फक्त सिनचा बिट लागलेल्या पॅकेटातच पाठवता येतो. नंतर कधीही नाही, आणि ठरलेला घात जोडणी संपेपर्यंत बदलत नाही. कारण असं की नुसती पोच देणारं पॅकेट वाटेत हरवलं तर ते कोणी पुन्हा पाठवत नाही. एकक बदलल्याची बातमी अशा पॅकेटाबरोबर गेली आणि हरवली, तर दोघं वेगवेगळ्या मापाने मोजत बसतील. सिनची मात्र पोच यावीच लागते. दुसरा नियम, दोन्ही बाजूंनी पर्याय पाठवला तरच तो लागू. एकाने गाळला की दोघंही जुन्या मापावर. आणि खुद्द सिन-पॅकेटांतली विंडो नेहमी साध्या बाइटमध्येच वाचायची, कारण तेव्हा करार पुरा झालेला नसतो. म्हणून पहिल्या ओळीत 64240 आणि तिसऱ्या ओळीत 502.

ही रचना देखणी आहे, पण वाटेतल्या प्रत्येकाने करारात लुडबुड करू नये हे तिने गृहीत धरलं. 2004 मध्ये ते गृहीतक उघडं पडलं. लिनक्सच्या 2.6 मालिकेतल्या नव्या आवृत्तीने मोठ्या बफरसाठी घात 7 मागायला सुरुवात केली, आणि काही वापरकर्त्यांची ठरावीक संकेतस्थळं उघडेनाशी झाली. पिंग नीट, जोडणी जुळतेय, मागणी पोहोचतेय, पण पान येतच नाही. दोष वाटेतल्या काही राउटर आणि फायरवॉलमध्ये होता. ते सिन-पॅकेटातला 7 पुसून तिथे 0 लिहीत, पर्याय मात्र जागेवर ठेवत.

पर्याय पूर्ण काढला असता तर काही बिघडलं नसतं, दोन्ही बाजू गुपचूप जुन्या मापावर आल्या असत्या. पण आता सर्व्हरला वाटलं, करार झालाय आणि समोरच्याचा घात शून्य आहे. वापरकर्त्याच्या संगणकाला वाटलं, माझा 7 मान्य झालाय. त्याच्याकडे 5,840 बाइटची जागा होती, ती 128 ने भागून त्याने 45 लिहिले. सर्व्हरने वाचलं, 45 बाइट. बाजार समितीत शेतकऱ्याने 45 पोत्यांची जागा आहे म्हणून चिठ्ठी द्यावी आणि मधल्या हमालाने पोती हा शब्द खोडून किलो करावं, तशी गत. 1,460 बाइटचं पॅकेट पाठवायला निघालेला सर्व्हर 45 च्या खिडकीसमोर एक तर थांबून राही, नाहीतर चिमूटचिमूट माल सोडी. जुन्या लिनक्समध्ये बफर लहान, त्यामुळे घात मुळात 0 च असायचा. 0 चा 0 केल्याने काही होत नाही, म्हणून ही खोड वर्षानुवर्षं कोणाला दिसली नव्हती.

तात्पुरता इलाज एका ओळीचा होता:

```
sysctl -w net.ipv4.tcp_window_scaling=0
```

त्याने पान उघडे, पण 64 किलोबाइटची वेस पुन्हा आडवी येई. पुढे विंडोज व्हिस्टानेही मोठी विंडो आपोआप मागायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या फायरवॉलमागे असाच गोंधळ झाला.

आज शंका आली तर लिनक्सवर `ss -ti` ही आज्ञा द्यावी. `wscale:7,7` असं दिसलं तर करार झालेला आहे. तो शब्दच नसेल तर जुनं माप चालू आहे. पण आपल्या यंत्राला मधल्या राउटरची खोडी एकट्याने दिसत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना पॅकेटं पकडून सिनमधला घात ताडून पाहावा लागतो. पकडायला उशीर झाला, सिन निसटलं, तर पुढचे विंडोचे आकडे वाचून उपयोग नाही. वायरशार्क अशा वेळी घाताच्या जागी `-1 (unknown)` दाखवतो. आणि करार ठीक असूनही वेग कमी असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. वाटेतल्या गर्दीचा अंदाज घेऊन पाठवणारा स्वतःलाही आवर घालतो, तो हिशेब विंडोच्या या कप्प्यात दिसत नाही.

घात 14 च्या वर नेता येत नाही. कोणी 15 पाठवला तर घेणाऱ्याने 14 धरून चालायचं. टीसीपी प्रत्येक बाइटला 32 बिटांचा क्रमांक देतं. हे क्रमांक सुमारे 429 कोटींवर संपतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतात. विंडो या वर्तुळाच्या अर्ध्यापेक्षा मोठी झाली, तर आलेला बाइट नवा की आधीच्या फेरीतला, हे ठरवता येणार नाही. म्हणून विंडो एक गिगाबाइटच्या आत ठेवली. 0.2 सेकंदांच्या अंतरावर एका जोडणीला यातून फार तर 43 गिगाबिटचा वेग मिळतो. खंडांपलीकडच्या 100 गिगाबिटच्या तारेला ते पुरत नाही, आणि ती तार भरायची असेल तर आजही एकाच वेळी अनेक जोडण्या उघडाव्या लागतात.