छत्तीसाव्या ओळीवरून पासष्टाव्या ओळीवर

नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गृहकर्जात २ लाख रुपये एकदम भरले. फरकाची थकबाकी हातात आली होती, ती खर्चून टाकण्याआधी त्याने कर्जात घातली. महिन्याभराने त्याचा फोन आला. "मावशी, हप्ता १,८५७ रुपयांनी कमी झाला. दोन लाख भरून एवढंच?" मी त्याला म्हटलं, हप्ता कमी झाला तिथेच गडबड झाली. कर्जाचा तक्ता घेऊन ये.

तक्ता म्हणजे कर्ज घेताना बँक देते तो परतफेडीचा कागद. दर महिन्याला एक ओळ. ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि शिल्लक. बहुतेक जण तो घरात फाइलला लावून विसरतात. पण जादा भरलेल्या पैशाने मुदत किती कमी होते, हे समजायला सूत्र लागत नाही. तो कागद आणि एक पेन्सिल पुरते.

भाच्याचं कर्ज ३० लाखांचं, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात ३० लाखांवर २१,२५० रुपये व्याज झालं आणि मुद्दलात जेमतेम ४,७८५ गेले. तीन वर्षांत, म्हणजे ३६ हप्त्यांत, त्याने ९ लाख ३७ हजार रुपये भरले, पण कर्ज उतरलं फक्त १ लाख ९५ हजारांनी. शिल्लक राहिली २८,०४,६०० रुपये. हा दर तीन वर्षं बदलला नाही असं मी हिशेबाच्या सोयीसाठी धरते आहे.

आता तक्त्यातली ३७वी ओळ बघा. व्याज १९,८६६, मुद्दल ६,१६९. पुढच्या ओळीत मुद्दल ६,२१३. मग ६,२५७. ही मुद्दलाची रक्कम ओळीओळीने वाढत जाते, कारण शिल्लक उतरली की व्याज तेवढं कमी लागतं आणि हप्ता तोच असल्याने उरलेले पैसे मुद्दलात जातात. ३७व्या ओळीपासून मुद्दलाची बेरीज करत खाली जा, ती २ लाखांच्या जवळ येईपर्यंत. २९ ओळींत, म्हणजे ६५व्या ओळीपर्यंत, ती १ लाख ९७ हजार ८०० च्या आसपास होते. तीसावी ओळ धरली तर २ लाखांच्या पुढे जाते.

त्याने भरलेले २ लाख म्हणजे या २९ ओळींचं मुद्दल, एका दिवसात. हप्ता २६,०३५ च ठेवला असता तर पुढच्या महिन्यात तो ३७व्या ओळीवर नसता, ६५वी ओळ ओलांडून पुढे गेला असता. मधल्या २९ ओळी त्याच्या आयुष्यातून गेल्या. त्या ओळींमध्ये व्याजाचा रकाना आहे तो कोणी भरायचा? कोणीच नाही. ते व्याज लागतच नाही. त्याची बेरीज ५ लाख ५७ हजार रुपये भरते. २०४ हप्ते उरले होते, ते १७५ उरले असते, आणि त्यातलाही शेवटचा अपुरा. २ लाखांच्या बदल्यात साडेपाच लाखांहून थोडं जास्त व्याज वाचतं, ते असं.

बँकेने मात्र उलटं केलं होतं. मुदत २०४ हप्त्यांचीच ठेवली आणि हप्ता २६,०३५ वरून २४,१७८ वर आणला. यात उडी नाही. माणूस ३७व्या ओळीवरच उभा असतो, फक्त प्रत्येक ओळ जराशी हलकी होते. या मार्गाने वाचणारं व्याज १ लाख ७९ हजारांच्या आसपास. तेच २ लाख, तीच बँक, तोच दर. फरक पावणेचार लाखांहून जास्त. हप्ता झेपत नसेल, घरात दुसरा पगार बंद झाला असेल, तर हप्ता कमी करून घेणं योग्यच आहे. पण भाचा तोच हप्ता आरामात भरत होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही अर्जात लिहिलं नव्हतं.

पैसे कधी भरले, यावर उडी किती लांब हे ठरतं. हेच २ लाख त्याने १५ वर्षांनी, १८०व्या हप्त्यानंतर भरले असते तर? तेव्हाच्या ओळीत मुद्दल १७,००० च्या वर गेलेलं असतं, त्यामुळे २ लाखांत ११ च ओळी बसतात. व्याज वाचतं ९४ हजार. अकरा हप्ते म्हणजे काही थोडं नाही, पण तीन वर्षांनंतरच्या २९ हप्त्यांसमोर ते निम्म्याहूनही कमी.

व्याजदर तरता असेल तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती बऱ्याच घरांत कळत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. पुष्कळ कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. भाच्याच्या २८,०४,६०० शिल्लकीवर दर साडेनऊ टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर २०४ चे २४३ हप्ते होतात. सव्वातीन वर्षं वाढली! त्याच वेळी २ लाख भरले तर उरतात १९९ किंवा २००. म्हणजे एक टक्क्याची वाढ त्या रकमेने पूर्ण गिळली. अशा वेळी मुदत घटल्याचं डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाला वाटतं पैसे वाया गेले. ते वाया गेले नाहीत. न भरते तर किती हप्ते झाले असते, याच्याशी तुलना करायची.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी याबाबत सूचना काढल्या. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे, आणि कर्जाचा काही भाग मुदतीच्या आत कधीही भरता आला पाहिजे. दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांची संख्या कळवणंही त्यात आहे. तरत्या दराच्या गृहकर्जावर असे पैसे भरल्याबद्दल बँकांनी दंड घ्यायचा नाही, हे तर २०१२ पासून आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारात शुल्क आहे का, ते आधी पाहावं लागतं.

भाच्याला मी लेखी अर्ज द्यायला लावला: भरलेली रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता २६,०३५ च ठेवावा, मुदत कमी करावी, नवा तक्ता द्यावा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. नेट बँकिंगने नुसते पैसे टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांसाठी जमा म्हणून पडून राहतात, मुद्दल उतरतच नाही. हे ओळखणं सोपं आहे. २ लाखांचं साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज १,४१७ रुपये. पुढच्या हप्त्यातलं व्याज तेवढ्याने उतरलं पाहिजे, १९,८६६ वरून १८,४४९ वर. बँक दिवसांवर व्याज मोजत असेल किंवा पैसे महिन्याच्या मध्ये भरले असतील तर थोडं इकडेतिकडे होईल. पण व्याज अजिबात हललं नसेल तर त्याच दिवशी शाखेत जायचं.

एक अडचण मात्र मी त्याला सांगितली. कर्जात गेलेले पैसे परत हातात येत नाहीत. उद्या घरात आजारपण आलं तर त्या वाचलेल्या २९ हप्त्यांवर कोणी उसने देत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला आहे ना, हे विचारूनच मी त्याला अर्जावर सही करू दिली.

पंधरा दिवसांनी नवा तक्ता आला. त्याने शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटची ओळ २४० ची नव्हती, २११ ची होती, आणि तिच्यातला हप्ता साडेअठरा हजारांचा. "हा कमी कसा?" त्याने विचारलं. ६५वी ओळ संपल्यावर २ लाखांतले दोन हजारांच्या आसपास रुपये उरले होते. तेच तिथे, त्यांच्यावर इतकी वर्षं वाचलेल्या व्याजासह, शेवटच्या हप्त्यातून वजा झाले होते.